लिफ्टशेजारचा तक्ता

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत लिफ्टच्या शेजारी, पाणीकपातीची सूचना आणि थकबाकीदारांची यादी यांच्या मधोमध, गेल्या वर्षापासून एक लॅमिनेट केलेला रंगीत तक्ता आहे. त्यावर भाजलेल्या हातांचे सहा फोटो. लाल हात, फोड आलेला हात, काळा पडलेला हात, आणि त्यांच्या अधलेमधले तीन. खाली ठळक अक्षरांत मजकूर: ‘फोटोशी जुळवा आणि ठरवा. लाल असेल तर घरी. फोड असेल तर ताबडतोब रुग्णालय. दुखत नसेल तर काळजीचं कारण नाही.’ तक्ता लावणारे गृहस्थ आमच्याच इमारतीतले, सेवानिवृत्त, वाचनाची आवड असलेले आणि आरोग्यावर अधिकारवाणीने बोलणारे. त्यांचं नाव लिहीत नाही. ते स्वतःच सगळ्यांना सांगत असतात.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. भाजणं ही डोळ्यांना दिसणारी इजा आहे. पोटात दुखलं तर डॉक्टरला पोट चाचपावं लागतं, पण कातडी तर समोरच असते. मग चांगले फोटो समोर ठेवले तर कोणाही शहाण्या माणसाला वरवरचं भाजणं आणि खोल भाजणं यातला फरक कळलाच पाहिजे. त्यावरून रुग्णालय की घर हे ठरवता आलं पाहिजे. वर हेही आहे की बोरिवलीहून भाजलेल्यांच्या खास वॉर्डापर्यंत पोचायला रहदारीत दोन तास जातात, तेव्हा उगाच धावाधाव कशाला? हा शेवटचा मुद्दा खरा आहे आणि त्याबद्दल मी त्यांच्याशी भांडणार नाही. बाकीच्या प्रत्येक मुद्द्याबद्दल भांडणार आहे.

माझा अधिकार विचाराल तर पालिकेच्या एका रुग्णालयात 27 वर्षं सिस्टर होते, त्यातली बरीचशी भाजलेल्यांच्या ड्रेसिंगमध्ये गेली. मी डॉक्टर नाही. पण भाजलेली कातडी मी जितकी पाहिली तितके चेहरेही पाहिले नसतील.

आधी दोन फोटोंची गोष्ट सांगते. दोन्ही गेल्या दिवाळीतले, दोन्ही आमच्याच इमारतीतले.

पहिला फोटो आठवीतल्या एका मुलाच्या मांडीचा. उकळता चहा सांडला. तासाभरात पुरीएवढा टम्म फोड, आत पिवळसर पाणी, कडेने लाल, आणि मुलगा किंचाळतोय. तक्त्याच्या हिशेबाने हा महाभयंकर. सगळी इमारत जमली, रिक्षा बोलावली.

दुसरा फोटो तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेच्या डाव्या हाताचा. चकल्या तळताना घाणा निसटला आणि तेल हाताच्या पाठीवर उडालं, बोटांच्या पेरांपासून मनगटापर्यंत. तिने मिनिटभर पाणी ओतलं, वर टूथपेस्ट चोपडली. संध्याकाळी पेस्ट पुसून पाहिलं तर मध्ये फिकट पिवळट-पांढरा डाग, फोड नाही, फारसं दुखतही नाही. ती तक्त्यापाशी गेली, हात सहाही फोटोंशेजारी धरून पाहिला. काळा नाही, फोड नाही, दुखत नाही. घरी गेली आणि उरलेल्या चकल्या तळल्या.

मुलाची मांडी अकराव्या दिवशी कोरडी झाली. आज तिथे किंचित गडद डाग आहे, तोही जाईल. सुनेच्या हातावर तिसऱ्या आठवड्यात मांडीची कातडी काढून बसवावी लागली.

तक्त्याने दोघांचंही उलटं सांगितलं, आणि तो योगायोग नव्हता. उलटं सांगणं हे त्या तक्त्याच्या विचारातच आहे.

फोड म्हणजे काय ते पाहू. कातडीला दोन थर असतात. वरचा पातळ, त्याला रक्तवाहिन्या नाहीत. खालचा जाड, रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची टोकं, केसांची मुळं, घामाच्या ग्रंथी सगळ्या त्यात. उष्णतेने वरचा थर खालच्यापासून सुटतो. खालच्या थरातल्या रक्तवाहिन्या जिवंत असतील तर त्यांतून रक्तातलं पाणी झिरपतं आणि सुटलेल्या थराखाली साचतं. तोच फोड. म्हणजे टम्म भरलेला फोड पुष्कळदा सांगत असतो की खाली रक्त वाहतंय. मज्जातंतूंची टोकंही शाबूत, म्हणून मुलगा किंचाळतो. केसांची मुळं आणि ग्रंथी शाबूत, म्हणून त्यांच्या कडांमधूनच नवी कातडी उगवते आणि दोन आठवड्यांच्या आत जखम बंद होते.

खोलवर भाजलं की खालच्या थरातलं रक्तच गोठतं. झिरपायला काही उरत नाही, म्हणून फोड येत नाही किंवा चपटा, मेलेला येतो. मज्जातंतू जळतात, म्हणून दुखत नाही. रक्त नाही, म्हणून पांढरं दिसतं, मेणासारखं. चकलीचं तेल साधारण 170 ते 180 अंशांवर असतं, पाण्यापेक्षा कितीतरी तापलेलं, शिवाय चिकटून बसतं आणि सावकाश निवतं. सुनेचा हात दुखत नव्हता, कारण दुखायला तिथे काही राहिलंच नव्हतं. आणि हे गृहस्थ लिहितात, ‘दुखत नसेल तर काळजीचं कारण नाही’! हे वाक्य मी वॉर्डात ऐकलं असतं तर बोलणाऱ्याला मेट्रनसमोर उभं केलं असतं.

आता मीही उलट्या दिशेने अतिशयोक्ती करत नाही. फोड आला म्हणजे वरवरचंच, असं नाही. खालच्या थराच्या बऱ्याच आत गेलेलं भाजणंही कधी फोडाखाली लपतं. म्हणून तर म्हणते की फोडाचा फोटो म्हणजे झाकणाचा फोटो. पातेल्यात काय शिजतंय ते झाकणाच्या फोटोवरून सांगणारा सुगरण मला अजून भेटायचा आहे. फोडाखालचा तळ पाहावा लागतो, आणि नुसता पाहून भागत नाही, दाबावा लागतो. स्वच्छ हातमोज्याच्या बोटाने दाबलं की गुलाबी तळ पांढरा पडतो आणि बोट उचलताच दोनेक सेकंदांत परत गुलाबी होतो, हे वरवरचं. दाबलं तरी लालच राहिला, म्हणजे तो लाल रंग वाहत्या रक्ताचा नाही, रक्तवाहिन्यांबाहेर सांडून गोठलेल्या रक्ताचा, हे खोल. सुनेच्या हातावर पांढऱ्या डागाच्या कडेला असे दोन लाल ठिपके होते. फोटोत ते अगदी तजेलदार दिसले. मी चौथ्या दिवशी बोटाने दाबले, ते हलले नाहीत, आणि मला त्या क्षणी कळलं. फोटोला बोट लावून काय कळणार? काचेला डाग पडेल तेवढाच.

आणि फोटो कधीचा? हा माझा आवडता मुद्दा, त्यामुळे वाचकांनी जरा धीर धरावा. भाजलेली जागा सारखी भाजलेली नसते. मधोमध मेलेला भाग, बाहेर नुसता लाल झालेला भाग, आणि दोघांच्या मध्ये एक पट्टा, जिथे रक्त मंदावलेलं असतं पण पेशी मेलेल्या नसतात. विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधल्या एका शल्यचिकित्सकाने हे तीन पट्टे सांगितले आणि आजही तेच शिकवतात. हा मधला पट्टा पुढच्या दोन-तीन दिवसांत जगतो किंवा मरतो. पाणी कमी पडलं, सूज वाढली, जंतू गेले, घट्ट बांगडीने रक्त अडवलं की मरतो, आणि पहिल्या दिवशी उथळ वाटलेली जखम तिसऱ्या दिवशी खोल असते. म्हणून आमच्याकडे मोठे सर्जनसुद्धा पहिल्या दिवशी खोलीबद्दल ठाम बोलत नसत. ‘उद्या पट्टी उघडू, मग बघू’ हे वाक्य मी हजारदा ऐकलं. परदेशात रक्तप्रवाह मोजणारं लेझरचं यंत्र वापरतात, तेसुद्धा 48 तासांनंतर जास्त खात्रीचं. अनुभवी सर्जन नुसत्या डोळ्या-बोटांनी खोली सांगतात, त्यात साधारण तीनात दोनदा बरोबर येतात. तीनात दोनदा! जन्म वॉर्डात घालवलेली माणसं, रुग्ण समोर, हातमोजे हातात. आणि आमचे गृहस्थ लिफ्टची वाट पाहताना अर्ध्या मिनिटात सोक्षमोक्ष लावणार.

तक्त्यातल्या कातडीचा रंग पाहिलात? सहाही हात कोळंबीसारखे गुलाबी. हे फोटो कुठल्या थंड देशातून आलेत ते सांगायला नको. त्या कातडीवर लाल लालच दिसतं. आपल्या सावळ्या हातावर तोच चटका लाल न दिसता नुसता गडद दिसतो, आणि पाहणारा म्हणतो, काही नाही झालं. उलट फोडाचं साल निघालं की आपल्याकडे घबराट उडते. आपला रंग असतो वरच्या पातळ थरात. तो सोलला की खालून गुलाबी-पांढरा थर उघडा पडतो आणि लोक म्हणतात, अरे बापरे, हाडापर्यंत गेलं. गेलेलं असतं फक्त रंगाचं आवरण. शिवाय फोनचा कॅमेरा रंग आपल्या मनाने ‘सुधारतो’. चाळीतल्या पिवळ्या दिव्याखाली पांढरं पिवळं होतं आणि ट्यूबलाइटखाली लाल फिकटतं. वर टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी एखादं लावलेलं असतंच. पांढऱ्या टूथपेस्टखाली पांढरी कातडी शोधा म्हणावं. वॉर्डातलं पांढरं मलमसुद्धा दोन दिवसांत जखमेवर असा पिवळट पापुद्रा धरतं की शिकाऊ डॉक्टर त्याला मेलेली कातडी समजतात.

हळदीवरून आठवलं. बटाट्याचा वाद माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. कोणीतरी नेहमी सांगतं, ‘बटाटा किसून लावा, मुंबईच्या डॉक्टरांनीच शोधलंय.’ शोधलंय खरं, 1985 साली त्यावर निबंधही छापून आला. पण ती होती उकडलेल्या बटाट्याची सालं, गॉजवर चिकटवलेली, निर्जंतुक केलेली, स्वच्छ केलेल्या जखमेवर वॉर्डात बांधलेली. हेतू असा, की महागड्या पट्ट्या परवडत नाहीत तिथे जखम ओलसर राहावी आणि पट्टी सोडताना नवी कातडी उपटली जाऊ नये. पुढे केळीच्या पानाचीही अशीच पट्टी याच शहरात तपासली गेली. यातून ‘स्वयंपाकघरातला कच्चा बटाटा किसून थापा’ कसं निघालं? आम्ही ड्रेसिंग रूममध्ये तो कीस चिमट्याने वेचत बसायचो आणि नातेवाईक बाहेरून सांगायचे, सिस्टर, तो औषधाचा आहे, काढू नका.

दुसरा जुना वाद फोड फोडावा की ठेवावा याचा. आमच्याकडे दोन सर्जन होते, एक सगळे फोड उघडणारे, एक सगळे ठेवणारे, आणि त्यांच्या राउंडच्या मधल्या अर्ध्या तासात रुग्ण कोणाचा हे आम्ही पट्टीवरून ओळखायचो. आता बऱ्यापैकी जमलेलं मत असं की छोटे फोड आणि तळहात-तळपायाच्या जाड कातडीचे फोड तसेच ठेवावे. मोठे, पातळ सालीचे किंवा सांध्यावरचे फोड ड्रेसिंगमध्ये उघडावे, म्हणजे तळही दिसतो. घरी सेफ्टीपिनने मात्र कोणीच सांगितलेलं नाही. मुलाचा फोड आमच्या डॉक्टरांनी उघडला, तळ गुलाबी, ओला, दाबला की पांढरा, सोडला की गुलाबी. त्याला दाखल करावंच लागलं नाही.

काही भाजणी तर फोटोत येतच नाहीत. लोकलच्या डब्याच्या टपावर चढलेल्या पोराला 25,000 व्होल्टची तार लागते तेव्हा तळहातावर रुपयाएवढा करडा डाग असतो आणि आत कोपरापर्यंत स्नायू शिजलेले असतात. आणि डिसेंबर 2018 मध्ये अंधेरीतल्या मरोळला कामगार रुग्णालयाला आग लागली तेव्हा धुराने माणसं गेली. त्यांचे फोटो काढून कुठल्या चौकटीशी जुळवणार होतात?

आता विचाराल, सिस्टर, फोटो नको तर मग काय? सांगते. माझ्याकडे तक्ता नाही, थोडे प्रश्न आहेत.

आपल्या भाषेला हे कळतं. तव्याचा चटका बसतो, आमटीने पोळतं, ज्वाळेने होरपळतं. आजी पोराचा हात बघायच्या आधी विचारायची, ‘कशानं रे?’ तोच पहिला प्रश्न. वीज किंवा ॲसिडसारखं रसायन असेल तर डाग कितीही लहान असो, रुग्णालय. बंद खोलीत धूर कोंडला असेल, आवाज घोगरा झाला असेल, नाकातले केस जळले असतील, थुंकीत काजळी असेल तर तेही, आणि धावत. उकळतं तेल असेल तर संशय धरायचा.

दुसरा प्रश्न, कुठे. चेहरा, हात, पाय, सांधे, गुप्तांग, किंवा हात-पाय-गळ्याभोवती पूर्ण कडं, इथलं भाजणं खोल असल्याची शंका जरी असली तरी दाखवायचंच. सुनेचं भाजणं तिच्या तळहाताएवढंही नव्हतं, पण ते पेरांवर होतं. तिथली कातडी आखडली की मूठ जाते.

तिसरा, किती. भाजलेल्याचा स्वतःचा तळहात, जुळवलेल्या बोटांसकट, अंगाच्या साधारण एक टक्का. नुसती लाल झालेली जागा यात धरायची नाही, फोड आलेली आणि त्याहून खोल तेवढीच. मोठ्या माणसात असे दहा तळहात, लहान मुलात त्याचेच पाच, की खास विभाग. फोडात साचलेलं पाणी आठवा. मोठं भाजलं की तेच पाणी रक्तातून निसटून सगळ्या अंगात उतरतं. माणूस पहिले काही तास शुद्धीत असतो, बोलतो, घरच्यांना वाटतं ठीक आहे, आणि मग रक्तदाब कोसळतो. त्याला सलाइन लागतं, आणि किती ते वजन आणि टक्के मोजून ठरतं, रंग पाहून नाही. तान्ही मुलं, वृद्ध, मधुमेही यांना याहून कमी भाजलं तरी न्या. पांढरं, मेणचट, न दुखणारं जेवढं असेल तेवढं दाखवा. आणि दोन आठवड्यांत न भरलेली कोणतीही जखम पुन्हा दाखवा.

कुठे न्यायचं, हेही गृहस्थांनी लिहिलेलं नाही. आधी जवळची कॅज्युअल्टी, घाटकोपरला राजावाडी, अंधेरीकरांना कूपर. तिथे सलाइन लागतं, पट्टी होते. खास वॉर्ड लागला तर सात रस्त्याचं कस्तुरबा, नाहीतर शीव. मुलुंडकरांना पूल ओलांडला की ऐरोलीचं राष्ट्रीय बर्न्स सेंटर. 108 ला फोन करा.

फोटो मात्र जरूर काढा. मी फोटोंची शत्रू नाही. काहीही लावायच्या आधी, दिवसाच्या उजेडात, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, आणि रोज एक. ओळखीच्या डॉक्टरला पाठवा, सोबत कशाने आणि किती वाजता ते लिहा. केवढं भाजलं याचा अंदाज त्यांना त्यावरून बऱ्यापैकी येईल. किती खोल, ते तुमच्या हाताला बोट लावल्यावरच.

आता त्या गृहस्थांना माझी जाहीर विनंती. तो तक्ता काढा. त्या जागी कागदाच्या चिटोऱ्यावर एवढंच लिहा: भाजल्याबरोबर बांगड्या, अंगठ्या, जोडवी काढा, आणि 20 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ नको. तीन तासांच्या आत कधीही केलं तरी उपयोग होतो. आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसतं, तेव्हा पिंपातून तांब्या-तांब्याने ओता. मग स्वच्छ धुतलेलं सुती कापड सैल गुंडाळा आणि निघा. लहान मुलाचं उरलेलं अंग गरम राहू द्या.

सुनेच्या मनगटातल्या दोन काचेच्या बांगड्या चौथ्या दिवशी मी पक्कडीने तोडल्या, सूज इतकी होती. ग्राफ्ट चांगला बसला आहे. मधलं बोट अजून पूर्ण मिटत नाही.